मदत हवी आहे: बीपीच्या गोळ्यांचं प्रपोजल, सॅम्पल साइजवर अडकलेय

सायली_गोवंडी: सोमवारी प्रपोजल द्यायचंय. बीपीचे पेशंट गोळ्या नियमित घेतात का, हा विषय. मी १०० पेशंट आणि कन्व्हिनियन्स सॅम्पलिंग लिहिलं तर गाईडनी दोन्हींभोवती लाल गोल करून "का?" एवढंच लिहिलंय. फॉर्म्युला सांगा प्लीज, पटकन.

विक्रोळीकर: एकूण पेशंट किती? ते सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार!

सायली_गोवंडी: अरे हो, दवाखान्याच्या रजिस्टरला ४२० आहेत. मी ओपीडीत बसून फॉर्म भरून घेणार होते.

विक्रोळीकर: मग यामानेचा फॉर्म्युला, `N/(1+Ne²)`, ५ टक्के चूक धरून २०५. झालं काम.

नंदा_काकू: आमच्या ह्यांचे त्या गोळीने पाय सुजायचे, डॉक्टरांनी बदलून दिली. स्वतःहून बंद करू नका गं.

पीएसएमवाला: विक्रोळीकर, आकडा ठीक आहे, पण गाईडचा खरा "का" वेगळा असणार. ओपीडीत येतो तो गोळ्या न्यायलाच येतो. ज्यांनी सोडल्या किंवा जे दोन महिने गावी गेलेत ते तिथे भेटतच नाहीत, मग ८० टक्के नियमित असं छान उत्तर येतं आणि ते खोटं असतं. नावं रजिस्टरमधून चिठ्ठ्या टाकून काढ.
नियमित घेणारे किती याचा आधीचा आकडा माहीत नसेल तर ५० टक्के धर, ५ टक्के चुकीला ३८४ येतात, ४२० च्या हिशेबाने ते २०१ होतात, आणि १० टक्के भेटणार नाहीत धरून २२४.

विक्रोळीकर: एकटी पोरगी २२४ जणांना कुठे शोधणार? ओपीडीतला दर तिसरा घे, तेही सिस्टिमॅटिकच.

पीएसएमवाला: दर तिसरा घेतलास तरी आलेल्यांतलाच तिसरा ना! वर जो दर महिन्याला येतो तो सापडायची शक्यता जास्त. वेळ कमी असेल तर चूक ७ टक्के धर, १३४ पुरतात, १० टक्के भेटणार नाहीत धरून १४९, आणि का वाढवली ते सरळ लिही. फक्त मग बायका-पुरुष तुलना करू नकोस, तेवढ्यात ती टिकणार नाही. आणि कोणी नाही सापडला तर त्याच्या जागी ओपीडीतला बसवू नकोस, सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

सायली_गोवंडी: पण रजिस्टरमधले कितीतरी नंबर बंद लागतात, आणि घरी जायचं तर एथिक्सची वेगळी परवानगी लागेल म्हणे.

पीएसएमवाला: मग १० टक्के हा आकडाच चुकीचा. उद्या चिठ्ठ्या टाकून २० नावं काढ आणि फोन लाव. त्यातले ८ नाही लागले तर १३४ ला ०.६ ने भाग, २२४ नावं काढावी लागतील. पण नावं वाढवून माणसं पुरतात फक्त, न सापडणाऱ्या ८ जणांत गोळ्या सोडलेले जास्त असू शकतात, ती उणीव राहतेच.

विक्रोळीकर: म्हणजे फिरून तिथेच आलो की.

सायली_गोवंडी: उद्या २० फोन करते. एथिक्सचं कोणाला माहीत आहे का?