टायमिंग चेनची खडखड गेली, पण आता इंजिन कुईं करतंय. मॅन्युअल टेन्शनर बसवू का?

होटगी_रोड: नमस्कार मंडळी. सोलापुरात राहतो. गाडी १५० सीसी, ४६,००० किमी. सकाळी स्टार्ट केली की हेडच्या डाव्या बाजूला डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड व्हायची, थ्रॉटल सोडला की जास्तच. गॅरेजवाल्यांनी टेन्शनरचे दोन बोल्ट तीन-चार आटे सैल करून परत आवळले. खडखड लगेच गेली, पण आता गाडी तापली की बारीक कुईंऽ ऐकू येतं. ते म्हणतात, ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल टाकू. टाकू का?

बार्शीकर: मागचं चाक मागे ओढून चेन थोडी ताणा, स्प्रे मारा. माझी अशीच करायची.

होटगी_रोड: दादा, ती बाहेरची चेन. मी इंजिनातल्या चेनबद्दल विचारतोय.

रानगाडी: मॅन्युअलच टाका. ऑटोमॅटिकची स्प्रिंग थकते. मी दोन वर्षांपूर्वी बोल्टवाला टाकला, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत आवळला. अजून शांत आहे.

जुना_फिटर: रानगाडी, स्प्रिंगचं बरोबर, आवळण्याचं नाही. आवाज बंद होईपर्यंत आवळलं की चेन गाइडची पट्टी खाते. इंजिन तापलं की अॅल्युमिनियम स्टीलच्या चेनपेक्षा जास्त वाढतं, चेन आणखी ताणली जाते. म्हणून मॅन्युअल थंड इंजिनवर हलकंच टेकवायचं, लॉकनट मारायचा. आणि चेन झिजेल तसं परत बघत राहायचं, ते आपणहून पुढे सरकत नाही.

होटगी रोड, तुमचा दात्यांचा दिसतोय. त्याची दांडी पुढे येते, खिटी तिला मागे जाऊ देत नाही. बोल्ट सैल केले तेव्हा बॉडी मागे आली, दांडी पुढे सरकून अडकली. मग आवळताना दांडीसकट सगळं चेनवर दाबलं गेलं. कुईं त्याचंच. असं जास्त चालवू नका.

पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणा. आधी मधला स्प्रिंगचा बोल्ट, मग बाजूचे दोन. टेन्शनर बाहेर असताना क्रँक अजिबात फिरवू नका, चेनने दात उडवला तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो. खिटी उचलून दांडी पूर्ण आत दाबा, बॉडी बसवा, स्प्रिंग शेवटी. मग क्रँक हाताने चार-पाच फेरे फिरवून पिस्टन परत कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणा, इंजिन अजून चालू करू नका. आता मधला बोल्ट आणि स्प्रिंग काढून टेन्शनर परत उतरवा, दांडी किती दात बाहेर आली ते मोजा. जवळजवळ सगळे बाहेर असतील तर चेनच लांबलीय, कुठलाही टेन्शनर टाकून फायदा नाही. मोजून झालं की दांडी परत आत दाबूनच बसवा.

होटगी_रोड: रविवारी केलं. १२ पैकी ६ दात बाहेर. कुईं पूर्ण गेलं! पण सकाळची खडखड परत आली, आधीपेक्षा कमी.

जुना_फिटर: म्हणजे चेनमध्ये अजून जीव आहे. खिटीचं टोक गोल झालंय का बघा, झालं असेल तर ती दांडीला मागे सरकू देते. नवा ऑटोमॅटिकच टाका.

रानगाडी: आणि गाइड खाल्ली असेल तर?

जुना_फिटर: तेही असू शकतं. हेड कव्हर काढून बॅटरी मारून बघा, पट्टीत चेनची खोल चरी पडलीय का.

होटगी_रोड: कव्हरचं गॅस्केट आणून ठेवलंय. फोटो टाकतो.