'ग्रँडफादरिंग'ला मराठीत काय म्हणायचं? (३१ जानेवारी २०१८ वालं)

कोथरूडची अनुवादक

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी शेअर विकल्यावर लागणाऱ्या टॅक्सबद्दल चार पानी मराठी पत्रक करतेय, आणि दोन दिवस एकाच वाक्यावर अडकलेय. २०१८ च्या बजेटमध्ये लिस्टेड शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावर परत टॅक्स आला, पण ३१ जानेवारी २०१८ पर्यंत वाढलेला नफा त्यातून बाहेर ठेवला, त्याला ग्रँडफादरिंग म्हणतात. मी 'पूर्वलाभ संरक्षण' लिहिलं. संघाचे सेक्रेटरी म्हणाले, कुणाला कळणार नाही, सरळ 'जुना नफा माफ' लिहा. मला 'माफ' खटकतंय पण का ते नीट सांगता येईना. शिवाय फेअर मार्केट व्हॅल्यूला 'रास्त बाजारभाव' चालेल का?

पेठेतला

पूर्वलाभ म्हणजे ज्योतिषाच्या पत्रिकेतला शब्द वाटतो ताई. 'जुन्याला अभय' म्हणा की. महापालिका थकबाकीदारांसाठी अभय योजना काढते, पुण्यात सगळ्यांना अभय माहितीये.

जमाखर्च

अभय नको हो, आणि माफही नको. अभय योजनेत आधी थकबाकी असते, चूक झालेली असते, मग सवलत मिळते. इथे काहीच थकलेलं नव्हतं. ऑक्टोबर २००४ पासून एसटीटी भरून विकलेल्या शेअरवरचा दीर्घकालीन नफा कायद्यानेच करमुक्त होता, कलम १०(३८). लोकांनी त्या नियमावर विसंबून शेअर ठेवले. १ फेब्रुवारी २०१८ ला बजेट आलं तेव्हा सरकारने म्हटलं की आदल्या दिवसापर्यंत जे वाढलं त्याला हात लावत नाही, पुढच्या वाढीवर टॅक्स घेऊ. जे देणंच नव्हतं ते माफ कसं होणार, म्हणून खटकतंय तुम्हाला. 'राखलेला नफा' किंवा 'सांभाळलेला नफा' जवळचं आहे.

शब्दनिष्ठ

पूर्वलाभ संरक्षण अर्थाला नेमका आहे, रुळायला वेळ लागेल एवढंच. 'भांडवली नफा' हा शब्द तरी कुणाच्या आजीने वापरला होता? वापरून वापरून तो आपला झाला. दरवेळी लोकांना कळणार नाही म्हणून माघार घेतली तर मराठीत कायद्यावर लिहिणारच कसं? फक्त 'पूर्वलक्षी' शब्दाशी गल्लत होऊ देऊ नका, तो बरोबर उलटा आहे. पूर्वलक्षी म्हणजे कायदा मागे जाऊन लागू होतो, आणि इथे तो मागे जाणार नाही असं सांगितलंय.

नातू_वारजे

माझा प्रश्न याच्याशीच संबंधित आहे. आजोबांनी एका कंपनीचे १००० शेअर २०० रुपयांनी घेतलेले, ते २०२१ मध्ये वारले, शेअर माझ्या नावावर आले. म्हणजे मला ग्रँडफादरिंग लागू होतं ना? आजोबांकडून आलेत म्हणून विचारतोय. यंदा सगळे विकले, रिटर्न अजून भरायचंय.

जमाखर्च

लागू होतं, पण आजोबांकडून आले म्हणून नाही. वारसाने आलेल्या शेअरला मूळ मालकाचीच खरेदी किंमत धरतात आणि त्याने ठेवलेला काळही तुमच्या काळात जोडतात, त्यामुळे खरेदी ३१ जानेवारी २०१८ च्या आधीची ठरते. वडिलांकडून किंवा मावशीकडून आले असते तरी हेच.

शब्दनिष्ठ

बघा, म्हणूनच पत्रकात 'आजोबा' कुठेच येता कामा नये. हा शब्द मुळात अमेरिकेतला आहे आणि त्याचा इतिहास वाईट आहे. गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीयांना मतदानापासून लांब ठेवायला दक्षिणेतल्या राज्यांनी साक्षरतेच्या, मालमत्तेच्या अटी घातल्या, मग गोऱ्या गरिबांचीही मतं जायला लागली. तेव्हा लुइझियानाने १८९८ मध्ये सूट दिली, ज्याला स्वतःला किंवा ज्याच्या बापाला-आजोबाला १ जानेवारी १८६७ रोजी मताचा हक्क होता त्याला अटी नाहीत. कृष्णवर्णीयांच्या आजोबांना तो हक्क असणंच शक्य नव्हतं. १९१५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ओक्लाहोमाचं असंच कलम रद्द केलं. असा शब्द आपण लाडाने 'आजोबा कलम' करून का घ्यायचा?

पेठेतला

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. मग आपला 'मिरास' का नको? मिरासदाराचा हक्क जुना, वंशपरंपरेचा, आणि उपरी म्हणजे नंतर आलेला. ३१ जानेवारीच्या आधीचे शेअर मिरासी आणि नंतरचे उपरी. दोन शब्दांत सगळं येतं, आणि शब्द आपल्या मातीतला.

शब्दनिष्ठ

मिरास अरबीतून आलाय आणि त्याचा अर्थच वारसा. म्हणजे नातूसाहेबांची झाली तीच गल्लत सगळ्यांची होईल.

पेठेतला

अरबीतून आला तरी चारशे वर्षं इथे नांदलाय. 'रास्त' तरी कुठला मग, फारसीच ना?

कोथरूडची अनुवादक

रास्तवरून आठवलं, त्याचं कुणी सांगितलंच नाही. आणि टॅक्ससाठी खरेदीची किंमत कोणती धरायची, ते सांगणारं माझं अडलेलं खरं वाक्य हे आहे, 'रास्त बाजारभाव व विक्री किंमत यांपैकी जी कमी ती, आणि प्रत्यक्ष खरेदी किंमत, यांपैकी जी जास्त ती'. संघातल्या तिघांना वाचून दाखवलं, तिघांनी तीन उत्तरं काढली.

जमाखर्च

'रास्त' लिहिलंत तर लोक सरासरी किंवा बंद भाव धरतील. कायद्यात शेअरसाठी ३१ जानेवारी २०१८ ला एक्स्चेंजवर लागलेला सर्वांत वरचा भाव घ्यायचा आहे, त्या दिवशी सौदाच झाला नसेल तर त्याआधी ज्या दिवशी झाला त्या दिवसाचा वरचा. फंडाला त्या तारखेचा एनएव्ही. म्हणून मी क्लायंटला '३१ जानेवारीचा वरचा भाव' असंच सांगते. आणि त्या वाक्याला मराठी शोधत बसू नका, एक्सेलमध्ये B2 खरेदी, C2 तो वरचा भाव, D2 विक्री असं मांडा आणि पत्रकात हेच छापा:

```
=MAX(B2,MIN(C2,D2))
```

पेठेतला

पण हे 'कमी ते' घातलंच कशाला? आमच्या वाड्याच्या वेळी १ एप्रिल २००१ चं व्हॅल्युएशन काढलं, तेच किंमत म्हणून धरलं आणि वर महागाईचा निर्देशांक लावला. शेअरचंही तेच असणार.

जमाखर्च

अर्धं तेच. जुन्या तारखेचं मूल्य किंमत म्हणून धरणं दोन्हीकडे आहे. पण वाड्याला २००१ चं मूल्य घ्यायचं की नाही ही तुमची मर्जी, शेअरला हे सूत्र सक्तीचं, आणि निर्देशांक इथे मिळत नाही.

'कमी ते' का ते नातूसाहेबांच्या आकड्यांवरून सांगते. खरेदी २००. समजा ३१ जानेवारीचा वरचा भाव ५२० होता आणि विकला ४५० ला. हातात २५० रुपये नफा आलाय. नुसता ५२० किंमत म्हणून धरला असता तर कागदावर ७० रुपये तोटा दिसला असता आणि तो दुसऱ्या नफ्यातून वजा झाला असता. म्हणून ५२० आणि ४५० मधला कमी ४५०, तो २०० पेक्षा जास्त, म्हणून किंमत ४५० आणि नफा शून्य. जुना नफा सांभाळायचा पण त्यातून खोटा तोटा तयार होऊ द्यायचा नाही, एवढ्यासाठी 'कमी ते' आहे. विकला ७०० ला, तर किंमत ५२० आणि टॅक्सचा नफा १८०. आणि भाव १५० पर्यंत पडला असता तर कमी १५०, पण खरेदी २०० जास्त, म्हणून ५० चा खरा तोटा धरता येतो. म्हणून बाहेरचं 'जास्त ते'.

नातू_वारजे

मॅडम, आकडे जवळपास माझेच आहेत. मी ४५० लाच विकले. पण मी ५२० नाही, २६० धरलाय. ॲपवरच्या चार्टमध्ये ३१ जानेवारी २०१८ ला २६० दिसतो. २०१९ मध्ये एकास एक बोनस आला होता म्हणून आता एकूण २००० शेअर होते. म्हणजे ४५० वजा २६०, १९० गुणिले २०००, नफा ३,८०,००० काढला.

जमाखर्च

थांबा, भरू नका ते रिटर्न. बोनस किंवा स्प्लिट झालं की चार्टवाले मागचे सगळे भाव भागून दाखवतात. त्या दिवशी बाजारात खरोखर ५२० चा सौदा झाला होता. त्या तारखेची एक्स्चेंजची भावकॉपी उघडून चार्टशी ताडून बघा, बरोबर निम्मा किंवा पाचवा हिस्सा दिसला तर समजायचं की चार्टचा भाव भागलेला आहे.

स्प्लिट असतं तर भागणं बरोबरच होतं, कारण एकाच शेअरचे तुकडे होतात. बोनसला तसं नाही. ३१ जानेवारीनंतर मिळालेल्या बोनस शेअरची किंमत शून्य, त्याला ग्रँडफादरिंग नाही, आणि मूळ शेअरचा भाव भागायचा नाही. म्हणून तुमचे मूळ १००० शेअर, किंमत ४५०, नफा शून्य. बोनसचे १०००, किंमत शून्य, नफा ४,५०,०००. शेड्यूल ११२ए मध्ये दोन्ही वेगळे दाखवायचे, मूळचे ३१ जानेवारीपर्यंत घेतलेल्यांत आणि बोनसचे नंतरच्यांत.

नातू_वारजे

म्हणजे ७०,००० नफा कमी दाखवत होतो. सव्वा लाखाची सूट दोन्हीकडे तीच, तर साडेबारा टक्क्यांनी ८,७५० चा फरक. पण पेपरात बोनसला 'बक्षीस समभाग' लिहितात ना, मग बक्षीस मिळालेल्या शेअरला देणाऱ्याची किंमत धरतात असं वाचलेलं, तसं नाही का करता येणार?

जमाखर्च

नाही, आणि हा गोंधळ त्या शब्दानेच होतो. बक्षीसपत्र करून कुणी शेअर दिले तर ती भेट, तिथे देणाऱ्याची खरेदी किंमत आणि तारीख तुमच्याकडे येते. बोनस शेअर कंपनी देते, त्याला मागचा मालकच नसतो. मराठीत दोघांनाही बक्षीस, आणि टॅक्स अगदी वेगळा.

शब्दनिष्ठ

हा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. बक्षीस समभाग मी स्वतः वीस वर्षं लिहीत आलोय. 'वाढीव समभाग' कसा वाटतो?

पेठेतला

वाढीव म्हणजे राईट्स इश्यू वाटेल. बोनसच ठेवा, दिवाळीला सगळे बोनसच म्हणतात.

शब्दनिष्ठ

दिवाळीचा बोनस हा पगार, हा नाही. तिथेही अर्थ सरकतोच.

कोथरूडची अनुवादक

पत्रक उद्या सकाळी अप्पा बळवंत चौकात छापायला द्यायचंय. '३१ जानेवारीचा वरचा भाव' घेतला, 'रास्त' काढला. एक्सेलचं सूत्र आणि ४५०, ७००, १५० चे तीन आकडे चौकटीत टाकते, बोनसचं उदाहरण मागच्या पानावर, नातूसाहेबांची हरकत नसेल तर. मथळ्यात सध्या 'सांभाळलेला नफा' आहे, पण सेक्रेटरी अजून 'माफ'वरच अडून बसलेत.

नातू_वारजे

हरकत नाही, आजोबा गेले एवढं तेवढं काढा. आणि तो चार्टचा भाव तिथे ठळक अक्षरात टाका, माझ्या भावाने गेल्या वर्षी तसंच धरून रिटर्न भरलंय.