दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशीची आनंदी जाहिरात : थांबवावी, बदलावी की जाऊ द्यावी?

मेघना_लिहिते : लहान मुलांची खेळणी विकणाऱ्या एका छोट्या कंपनीचे सोशल मीडियाचे काम मी पाहते. उद्या सकाळी दहा वाजता आमच्या वर्धापनदिनाच्या सवलतीची पोस्ट आपोआप प्रसिद्ध होणार आहे, आणि आज रात्री एका मोठ्या रेल्वे अपघाताची बातमी आली आहे. मालकांचे म्हणणे असे की आपला त्या घटनेशी काहीही संबंध नाही, सवलत फक्त चार दिवसांची आहे, तेव्हा पोस्ट जाऊ द्यावी. मला ते पटत नाही, पण नेमके काय थांबवायचे, किती दिवस, आणि पुन्हा सुरू करताना काय तपासायचे, हेही मला नीट सांगता येत नाही. आपले मत काय?

विनायक_द : आत्ता मजकूर वाचत बसू नका, मालकांशी वादही घालू नका. आधी सर्व थांबवा. पोस्ट शोभते की नाही हा विचार करायला शांत डोके लागते आणि बातमीच्या पहिल्या तासात ते कोणाकडेच नसते. सकाळी विचार करून "हरकत नाही" असे ठरले तर थांबवलेली पोस्ट दहाऐवजी बाराला जाईल, एवढेच नुकसान. उलट दिशेने मात्र परत येण्याची वाट नाही.

20 जुलै 2012 चे उदाहरण आमच्या व्यवसायात अजून सांगितले जाते. अमेरिकेतील ऑरोरा येथे मध्यरात्रीनंतर चित्रपटगृहात गोळीबार झाला, आणि त्याच सकाळी बंदूकधारकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या 'अमेरिकन रायफलमन' या नियतकालिकाच्या ट्विटर खात्यावरून नेमबाजांना सुप्रभात म्हणणारा आणि शनिवार-रविवारचे बेत विचारणारा संदेश गेला. लिहिणाऱ्याला घटनेची कल्पना नव्हती असे संघटनेने नंतर सांगितले, आणि ते खरेही असेल. एरवी त्या वाक्यात काहीच वावगे नव्हते. पण बातमी आणि संदेश यांच्यामध्ये थांबून पाहणारे कोणी नव्हते, आणि वाचणाऱ्याला तेवढेच दिसले.

शंतनू_उवाच : विनायकराव, उदाहरण टोकाचे आहे. बंदुकीशी संबंधित संस्था आणि बंदुकीची घटना यांचा मेळ असा जुळला की कोणालाही खटकेल. खेळणी विकणाऱ्याने रेल्वे अपघातासाठी व्यवहार का थांबवावा? जगात रोज कुठे ना कुठे माणसे मरतात. आपण काही मृत्यूंसाठी थांबतो आणि काहींसाठी थांबत नाही, म्हणजे दुःखाची प्रतवारीच लावतो, आणि तिला संवेदनशीलता म्हणतो. शिवाय अशा वेळी मोठ्या कंपन्या थांबतात, कारण त्यांना चार दिवस परवडतात. छोट्यांचे हिशोब वेगळे असतात.

अतिरेकाची बाजूही पाहा. सप्टेंबर 2022 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी, म्हणजे 19 तारखेला, ब्रिटनमधील 'सेंटर पार्क्स' या सुट्टीगृहांच्या कंपनीने आधीच राहायला आलेल्या कुटुंबांना एका दिवसासाठी बाहेर काढायचे जाहीर केले. लोक इतके संतापले की निर्णय फिरवावा लागला. शोक दाखवण्याच्या भरात त्यांनी ग्राहकांनाच त्रास दिला. आनंदी पोस्ट टाकली असती तर एवढे हसे झाले नसते.

अदिती_नियोजन : शंतनूजींशी मी सहमत नाही, पण यात घाबरण्यासारखेही काही नाही. मी अशा वेळी नियोजनाच्या कॅलेंडरमध्ये जाते, पुढील तीन दिवसांच्या सर्व पोस्ट मसुद्यात टाकते, पाच मिनिटांत काम संपते. आणि चुकून एखादी गेलीच तर लगेच काढून टाकायची. विषय संपला.

विनायक_द : अदितीताई, मसुद्यात टाकणे अगदी योग्य, पण काम तिथे संपते हे बरोबर नाही. कॅलेंडरमध्ये फक्त खात्यावरच्या पोस्ट दिसतात. पैसे देऊन चालवलेल्या जाहिराती दुसऱ्या ठिकाणी असतात. मेटाच्या बाबतीत बोलायचे तर पोस्ट मसुद्यात गेली तरी Ads Manager मधली जाहिरात चालूच राहते, आणि ती नेमकी लोकांच्या बातम्यांच्या मध्ये जाऊन बसते. ईमेलची मोहीम तिसऱ्या ठिकाणी, मोबाइलवर येणाऱ्या सूचना चौथ्या ठिकाणी, आणि कोणा प्रभावी व्यक्तीला पैसे देऊन पोस्ट लिहून घेतली असेल तर ती त्यांच्या स्वतःच्या खात्यात, जिथे आपला हात पोचत नाही. त्यांना फोनच करावा लागतो.

म्हणून मी थांबवण्याचा क्रम उलटा ठेवतो. जे परत घेता येत नाही ते आधी : ईमेल आणि सूचना. मग जाहिराती. मग इतरांच्या खात्यांवरच्या पोस्ट. आपल्या खात्यावरची पोस्ट सर्वांत शेवटी, कारण ती निदान काढून तरी टाकता येते. मात्र काढून टाकली म्हणजे नाहीशी झाली असे धरू नका. तिचे छायाचित्र तोवर कोणीतरी काढलेले असते, आणि मग लोक मूळ पोस्टपेक्षा ती गुपचूप काढल्यावर अधिक बोलतात. काढायचीच असेल तर एका साध्या वाक्यात चूक मान्य करून काढावी.

आणखी एक जागा हमखास विसरली जाते. बातमीच्या आधी प्रसिद्ध झालेली, वरती पिन करून ठेवलेली पोस्ट. ती कालची असली तरी लोकांच्या पडद्यावर आज येत राहते.

दिगंबर_काका : आमच्याकडेही असेच झाले होते, म्हणून सांगतो. श्रद्धांजलीची पोस्ट अवश्य टाकावी, पण साचा तपासून टाकावी. आमच्या मुलाने काळ्या पार्श्वभूमीवर दोन ओळी लिहिल्या, वर दुकानाचे बोधचिन्ह ठेवले. आमच्या नेहमीच्या साच्यात खाली एक पट्टी आपोआप येते, ती कोणाच्या लक्षातच आली नाही. "भावपूर्ण श्रद्धांजली" आणि त्याखाली "आजच ऑर्डर करा". लोकांनी बरेच दिवस ऐकवले.

मेघना_लिहिते : काका, अनुभव मोलाचा आहे, पण माझा प्रश्न श्रद्धांजलीच्या पोस्टचा नव्हता. आमच्याकडे तशी पोस्ट टाकायचे ठरलेले नाही.

रोहिणी_मजकूर : ठरवूही नका. घटनेशी ज्याचा काही संबंध नाही आणि जो काही मदत करत नाही, त्याने बोधचिन्हासह दुःख व्यक्त करणे ही माझ्या मते जाहिरातच असते, फक्त काळ्या रंगातली. गप्प राहणे पुरेसे आहे.

मी जाहिरातींचा मजकूर लिहिते, त्यामुळे शंतनूजींच्या "काय संबंध" या प्रश्नाचे उत्तर मजकुराच्या बाजूने देते. संबंध कंपनीचा नसतो, शब्दांचा असतो. आपली जाहिरातीची मराठी आपत्तीच्या शब्दांवरच जगते. धमाका, सवलतींचा महापूर, किमती कोसळल्या, खरेदीसाठी झुंबड, विक्रीची लाट. एरवी या शब्दांचा मूळ अर्थ कानावरही पडत नाही, पण स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी "धमाका" हा शब्द पुन्हा खरा होतो. माझी कसोटी साधी आहे. बातमीचा मथळा मोठ्याने वाचायचा आणि त्याच दमात पोस्टचे पहिले वाक्य वाचायचे. दोन्हींत एक शब्द किंवा एक वस्तू सामायिक निघाली तर ती पोस्ट तशी जात नाही. चित्रालाही हीच कसोटी लावायची, किंबहुना आधी चित्राला, कारण ते मजकुराच्या आधी दिसते.

आणि ही कसोटी फक्त दुसऱ्या दिवशी लावायची नसते. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 15 एप्रिल 2013 रोजी स्फोट झाले. 2017 च्या शर्यतीनंतर आदिदासने सहभागी धावपटूंना ईमेल पाठवला, त्याच्या विषयाच्या ओळीचा अर्थ होता, "अभिनंदन, तुम्ही बॉस्टन मॅरेथॉनमधून वाचलात". मधे चार वर्षे गेली होती, तरी कंपनीला माफी मागावी लागली. लिहिणाऱ्याच्या मनात 42 किलोमीटरची दमछाक होती, वाचणाऱ्याच्या मनात 2013.

मेघनाताई, तुमची पोस्ट इथे लिहाल का?

मेघना_लिहिते : लिहिते, आणि लिहिताना हात जड झाला आहे. मजकूर असा : "धमाका! आमची गाडी सुसाट सुटली आहे, पटकन चढा!" चित्रात लाल रंगाची खेळण्यातली आगगाडी आहे, वळणावर एका बाजूला कललेली, आणि डब्यांतून खेळणी बाहेर उडत आहेत. तीन आठवड्यांपूर्वी ते अतिशय गोड दिसत होते.

शंतनू_उवाच : ही पोस्ट जाऊ नये, हे मी विनाअट मान्य करतो. पण त्यामुळे माझा मुद्दा बदलत नाही. हे चित्र बदला आणि दुसऱ्या खेळण्याचे लावून उद्या दहा वाजताच टाका. अडचण चित्राची आहे, दिवसाची नाही.

विनायक_द : मला दोन्हींची दिसते. बातमी अजून उलगडते आहे, सकाळी मृतांचा आकडा वाढलेला असू शकतो, त्यांत मुले असू शकतात, आणि तुम्ही मुलांचीच खेळणी विकता. चित्र बदलून हे टळत नाही. निदान बचावकार्य सुरू आहे तोवर आनंदी सूर नको.

खर्चाचे म्हणाल तर व्यवहार कोणी बंद करत नाही. दुकान चालू, ऑर्डर चालू, ग्राहकांना उत्तरे चालू. थांबते ते फक्त ओरडून बोलावणे. जाहिरातींबाबत मालकांना एक गोष्ट सांगता येईल : मेटावर जाहिरात सात दिवसांपेक्षा कमी काळ थांबवली तर ती कोणाला दाखवावी हे शिकण्याची तिची प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही, पण चालू जाहिरातीचे चित्र किंवा मजकूर बदलला तर होऊ शकते. म्हणजे घाईत बदलण्यापेक्षा दोन दिवस थांबवणे स्वस्त पडेल.

मेघना_लिहिते : तीन दिवसांनी लिहीत आहे. ईमेल आणि जाहिराती त्याच रात्री थांबवल्या, पोस्ट मसुद्यात टाकल्या. मालकांना भाषण न देता फक्त बातमीचे छायाचित्र आणि आमचे चित्र शेजारी ठेवून पाठवले. त्यांचे उत्तर एका शब्दाचे होते : "थांबवा."

बचावकार्य संपल्याची बातमी आल्यावर आज पुन्हा सुरुवात केली, आणि तिथे एक चूक झालीच. मसुद्यातल्या पोस्टची रांग पुन्हा चालू करताना ज्या दोन पोस्टची वेळ उलटून गेली होती त्या आमच्या साधनाने एकापाठोपाठ तत्काळ प्रसिद्ध केल्या. सुदैवाने त्या मापांच्या तक्त्याच्या होत्या. आता प्रत्येक पोस्टला आधी नवी वेळ देऊन मगच रांग सुरू करते. सवलतीची मुदत चार दिवसांनी वाढवली आहे, मजकूर साधा केला आहे, "धमाका" गेला.

आगगाडीच्या चित्राचे मात्र ठरत नाही. मालक म्हणतात, महिन्याभराने वापरू.

रोहिणी_मजकूर : त्या चित्रात डबे कललेले आहेत. माझ्या मते ते कधीच वापरू नये, सरळ रुळावर उभी असलेली गाडी नव्याने काढून घ्यावी.

शंतनू_उवाच : आणि माझ्या मते खेळण्यातली गाडी कललेलीच असते, मुले ती मुद्दाम पाडतात. महिना पुरेसा आहे.