टीव्ही लावला की होम स्क्रीन नको, थेट सेट टॉप बॉक्स हवा : मदत हवी आहे

कृष्णाकाठ
सांगलीला आईकडे नवा गुगल टीव्ही घेतला. डीटीएचचा बॉक्स एचडीएमआय १ ला आहे. टीव्ही लावला की होम स्क्रीन येते आणि तिथून बॉक्सवर जायचं आईला जमत नाही, नजर अधू आहे. रोज शेजारी हाक मारते. लावताक्षणी तिचं बातम्यांचं चॅनल येईल असं करता येतं का?

अनंतफंदी
आमच्या सॅमसंगमध्ये Start with Smart Hub Home बंद केलं. तेव्हापासून कायम बॉक्सच येतो. तुमच्यातही असेल काहीतरी.

तारायंत्र
कायम नाही. ते बंद केलं की टीव्ही शेवटचं इनपुट लावतो. तुमच्याकडे दुसरं काही जोडलेलं नसेल म्हणून बॉक्स येतो. उद्या नातवाने एचडीएमआय २ वर गेम खेळून टीव्ही बंद केला, तर गेमचंच इनपुट येईल.

कृष्णाकाठ, Settings मध्ये System, मग Power & Energy, त्यात Power on behavior बघा. तिथे Last used input निवडा. कंपनीप्रमाणे नाव थोडं वेगळं असू शकतं.

चॅनल मात्र टीव्हीला ठरवता येणार नाही. त्याच्यापर्यंत फक्त चित्र पोचतं, चॅनल बॉक्स लावतो. बरेच बॉक्स रिमोटने बंद-चालू केले की शेवटचं चॅनल लावतात, पण वीज जाऊन आली की कंपनीने ठरवलेलं. म्हणून बॉक्स बोर्डावरून बंद करू नका.

माळरान
माझ्याकडे बॉक्सच नाही, फ्री डिश थेट टीव्हीला आहे. मला सह्याद्रीच यायला हवं. हेच सेटिंग चालेल?

तारायंत्र
तुमचा ट्यूनर टीव्हीतच आहे, म्हणजे चॅनलही टीव्हीच लक्षात ठेवतो. सह्याद्री लावून रिमोटने बंद करा आणि परत लावून बघा.

कृष्णाकाठ
भावाने सेटिंग बदललं. रिमोटने बंद करून लावला की बॉक्स येतो. बोर्डावरून बंद केला की परत होम स्क्रीन! आणि आई विजांच्या भीतीने रात्री बोर्डावरूनच सगळं बंद करते. तिला नको म्हणणं मला पटत नाही.

तारायंत्र
मग टीव्ही दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो, तेव्हा ते सेटिंग लागू होत नसावं. एक उपाय उरतो. टीव्हीत एचडीएमआय-सीईसी चालू करा, होम स्क्रीनवर थांबा आणि बॉक्स त्याच्या रिमोटने बंद करून चालू करा. टीव्ही आपोआप बॉक्सवर गेला तर बॉक्सला सीईसी येतं. मग आईने सकाळी टीव्ही आधी लावायचा, बॉक्स नंतर. आपल्याकडच्या बऱ्याच बॉक्सना ते येत नाही, हेही सांगतो.

अनंतफंदी
हॉटेल मोडमध्ये इनपुट कायमचं ठरवता येतं ना?

तारायंत्र
येतं. पण बऱ्याच घरगुती टीव्हींत तो सर्व्हिस मेनूत असतो आणि त्यात आवाजाची मर्यादाही असते. ती चुकून लागली तर आईला आवाज वाढवता येणार नाही. मी तिकडे जाणार नाही.

कृष्णाकाठ
बॉक्सची चाचणी भाऊ रविवारी करेल, तेव्हा लिहितो. चॅनलचं तरीही उरतंच, सकाळी बॉक्स जाहिरातीचं चॅनल लावतो. रिमोटवर तिच्या चॅनलचा नंबर एका बटणात बसवता येतो का, कुणाला ठाऊक आहे?