'व्हिटिलिगो'ला कोड म्हणायचं की श्वेतकुष्ठ?

भाषांतरी: एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. मी 'कोड' लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'श्वेतकुष्ठ' केलं. कोड म्हणे गावंढळ वाटतं. पुढचं वाक्यही अडलंय: हे कुठल्या एका वंशाचं लक्षण नव्हे, निरनिराळ्या वर्णांवर निरनिराळं दिसतं. 'वर्ण' लिहिलं की लोक जात वाचणार.

जुनंखोड: कोडच ठेवा. कुष्ठ म्हटलं की महारोग डोळ्यांपुढे येतो. गंमत म्हणजे कोड हाही कुष्ठातूनच आलाय. हिंदीत कोढ़ म्हणजे थेट महारोग.

इंदूरवाली: अगदी! मावशीला कोड आहे. आईने शेजारणीला हिंदीत सांगितलं, "बहन को कोड है." त्यानंतर त्या बाईने आमच्याकडचा चहा घेतला नाही.

शुद्धमती: म्हणूनच नेमका शब्द हवा. आयुर्वेदात 'श्वित्र' आहे.

जुनंखोड: अथर्ववेदात 'किलास'ही आहे. छापा तोही, बघू कोणाला कळतो.

गण्या: माझा त्या वाक्यालाच आक्षेप. कोड गोऱ्यांना होत नाही. जर्मनीत चार वर्षं होतो, एकही माणूस दिसला नाही.

परदेशी परिचारिका: दिसला नाही म्हणजे नव्हता असं नाही हो. मी डब्लिनला त्वचारोग विभागात आहे. रंगपेशी सगळ्यांच्या कातडीत साधारण सारख्याच असतात, कमीजास्त असतो तो त्यांनी बनवलेला रंग. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती त्या पेशीच मारते. सावळ्या हातावर तो डाग खडूने काढल्यासारखा दुरून दिसतो. गोऱ्या हातावर पांढऱ्यावर पांढरं. जुलैत एक आयरिश बाई आली. सुट्टीत हात रापले होते, पण मनगटावरचा एक पट्टा रापलाच नाही, नुसता लालबुंद भाजला. तिला वाटलं, तिथे सनक्रीम लावायचं राहिलं. खोलीत अंधार करून वूड्स लॅम्प, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, धरला, तर बोटांच्या पेरांवर आणखी तीन डाग निळसर पांढरे उजळले. जानेवारीत आली असती तर साध्या डोळ्यांना बहुतेक काही कळलंच नसतं.

गण्या: बरं, हरलो. पण आमच्या पोराच्या गालावर पांढरट चट्टा आहे. ते कोडच का?

परदेशी परिचारिका: न बघता कसं सांगू? पांढरट वेगळं, पांढरंशुभ्र वेगळं. पोरांच्या गालावरचे असे फिकट, खरखरीत चट्टे बऱ्याचदा कोड नसतात. महारोगाच्या डागावर कापूस फिरवलेला सहसा कळत नाही, कोडाच्या डागावर कळतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून या.

इंदूरवाली: मग लाडकोडातलं कोड कुठलं?

जुनंखोड: ते निराळं. ते कौतुकाच्या घरातलं.

शुद्धमती: आधार?

जुनंखोड: आजी.

भाषांतरी: मंडळी, माझा 'वर्ण' राहिलाच. 'त्वचेचा रंग' लिहू का?

शुद्धमती: रंग फारसी आहे.

जुनंखोड: संस्कृतातही आहे, बाई!