कार्ड मशीनचं कमिशन: दुकानदाराने सोसायचं की गिऱ्हाइकावर टाकायचं?

नवा दुकानदार:
काल कार्डावर तीन बिलं झाली. क्रेडिटवर 10,000, डेबिटवर 5,000, रुपे डेबिटवर 3,000. रात्रीच्या सेटलमेंटच्या पावतीवर 18,000 होते, आज खात्यात 17,764 जमा झाले. 236 कोणी कापले? क्रेडिटवाल्याकडून वरचे दोन टक्के घेतले तर चालेल का? वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे.

उधारी बंद:
बँकेने फसवलंय. 2020 पासून डेबिट कार्ड फुकट आहे. तक्रार करा.

हिशेबनीस:
थांबा, ते फक्त रुपे डेबिटचं झालं. त्यावर 1 जानेवारी 2020 पासून एमडीआर, म्हणजे कार्ड व्यवहारावरचं बँकेचं कमिशन, शून्य आहे, म्हणून 3,000 पूर्ण मिळाले. बाकी डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा आहे. 20 लाखांपर्यंतच्या दुकानाला मशीनवर 0.40 टक्के, म्हणजे 5,000 वर 20 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 3.60. राहिले 212.40. त्यातला जीएसटी बाजूला काढला की 180 उरतात, म्हणजे क्रेडिटचा दर 1.8 टक्के लागलाय. क्रेडिटला अशी मर्यादा नाही, तो दर करारात ठरतो. हिशेब चोख आहे, फसवणूक नाही.

बँक हे पैसे वेगळे मागत नाही. रात्री बॅच गेली की कमिशन आधीच कापून उरलेली रक्कम खात्यात टाकते. यातला मोठा वाटा तुमच्या बँकेला मिळतच नाही, तो गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. वहीत मात्र विक्री 18,000 च लिहा, 200 कमिशन खर्चात आणि 36 जीएसटीत. खात्यात आलेलीच रक्कम विक्री म्हणून धरली तर विक्री कमी दिसते, शिवाय जीएसटी नोंदणी असेल तर 36 चं क्रेडिटही हातचं जातं.

रोखठोक:
हिशेब मान्य, पण न्याय कुठे आहे? कार्डाचे पॉइंट गिऱ्हाईक घेणार, त्याचा खर्च दुकानदार भरणार. तो खर्च किमतीत मिसळला की रोख देणाऱ्यालाही भुर्दंड. ज्याने कार्ड काढलं त्यानेच भरावं. ऑस्ट्रेलियात 2003 पासून दुकानदारांना ही मुभा मिळाली, मग आपल्याकडे का नको?

हिशेबनीस:
युरोपीय संघाने 2018 पासून सर्वसाधारण ग्राहकांच्या कार्डांवर असा आकार बंदच केला, तेव्हा परदेशाचे दाखले दोन्हीकडचे मिळतील. आपल्याकडे डेबिटचा एमडीआर गिऱ्हाइकावर टाकता येत नाही, रिझर्व्ह बँकेने ते बँकांना स्पष्ट बजावलंय. क्रेडिटसाठी बँकेशी केलेला करार वाचा. बहुतेक करारांत मनाई असते, आणि गिऱ्हाइकाने तक्रार केली तर मशीन जाऊ शकतं.

आणि वसूल तरी किती होतं? 10,000 वर दोन टक्के लावून 10,200 चं स्वाइप केलंत, तर 1.8 टक्के 10,200 वर कापले जातात. 183.60 कमिशन आणि 33.05 जीएसटी, हातात 9,983.35. गिऱ्हाईक नाराज झालं आणि तुमचे 10,000 ही पूर्ण झाले नाहीत.

रोखठोक:
हे ध्यानात आलं नव्हतं. पण मुद्दा तोच राहतो, नफा पाच टक्के असेल तर त्यातले दोन टक्के कुठून आणायचे? नियम करणाऱ्यांनी क्रेडिटलाही मर्यादा घालावी.

शिवणकाम ताई:
माझ्या खात्यातून दर महिन्याला एक ठरावीक रक्कम जाते. कार्डावर एकही व्यवहार नसला तरी जाते. हाच एमडीआर का?

हिशेबनीस:
नाही ताई, ते मशीनचं भाडं. एमडीआर व्यवहाराच्या टक्क्यात असतो, व्यवहार नाही तर तोही नाही. काही बँका मात्र रोज पूर्ण रक्कम टाकतात आणि महिनाअखेरीस कमिशन एकदम वळतं करतात. म्हणून स्टेटमेंटमधला तपशील बघा आणि भाडं वेगळं लिहा.

कापड दुकान:
परत आलेल्या मालाचं कोणी बोललं नाही. बॅच जाण्याआधी मशीनवर व्यवहार रद्द केला तर काहीच कापलं जात नाही. दुसऱ्या दिवशी रिफंड केला की गिऱ्हाइकाला पूर्ण पैसे द्यावे लागतात आणि पहिलं कमिशन गेलं ते गेलं. माझ्या बँकेने तरी ते परत दिलं नाही.

उधारी बंद:
माझ्या बँकेने दिलं होतं.

हिशेबनीस:
दोन्ही होऊ शकतं, करारात रिफंडचं कलम काय म्हणतं त्यावर आहे. नव्या दुकानदारांनी क्रेडिटच्या दराबद्दलही बँकेशी बोलावं. सहा महिन्यांची उलाढाल दाखवली की दर थोडा खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

रोखठोक:
मोठ्या दुकानांना येतो. आमच्यासारख्यांना बँक विचारत नाही.