झोपाळू हत्तीची उशी: झोप आणणारी गोष्ट की उडवणारी?

वैतागलेला बाबा: दोन वर्षांच्या मुलाला रोज रात्री हत्तीची गोष्ट सांगतो. हत्तीला झोप आलीय, उशी सापडत नाही, म्हणून तो धप्प-धप्प-धप्पाक करत रान पालथं घालतो. शेवटी उशी माकडाकडे निघते, हत्ती भोंऽऽपू ओरडतो. पोरगं खदाखदा हसतं आणि गादीवर उड्या मारतं. झोपताना असले चित्रविचित्र आवाज काढायचेच कशाला? साधी गोष्ट सांगा!

बालवाडीताई: आवाजांना दोष देऊ नका, तुम्ही त्यांचा क्रम उलटा लावलाय. 'धप्पाक' आणि 'भोंपू' शेवटाला ठेवलेत, त्यात माकडाची चोरी. म्हणजे नेमकं डोळे मिटायच्या वेळी पाठलाग सुरू! मोठा आवाज पहिल्याच वाक्यात वापरून संपवायचा. मी अशी सांगते:

"गुब्बू हत्तीला आली झोप. आऽऽऊंऽऽम! उशी कुठे गेली? गवतात बघितलं. सळ सळ सळ. नाही उशी. आऽऊंम. पाण्यात बघितलं. डुबुक डुबुक. नाही उशी. आऊंम. झाडाखाली बघितलं. टप… टप… नाही उशी. ऊंम…"

शोधायच्या जागा तीनच. 'नाही उशी' दर वेळी तस्संच, एक अक्षरही बदलायचं नाही. जांभई मात्र दर खेपेला आखूड आणि हळू होत जाते, शेवटी नुसता 'म' उरतो, ओठ मिटलेले. 'नाही…' म्हणून थांबायचं, 'उशी' पोर म्हणतं. पहिल्या दिवशी ओरडून म्हणेल, म्हणू द्या. काही रात्रींनी तेच पुटपुटत म्हणायला लागतं. शेवटी गुब्बू कुशीवर वळतो आणि स्वतःचाच मोठा मऊ कान डोक्याखाली घेतो. चोर नाही, धक्का नाही.

स्पष्टवक्ता: तेच तेच वाक्य तीन वेळा! मुलांना मठ्ठ समजता का? रोज नवे शब्द द्या, भाषा वाढेल.

बालवाडीताई: नवे शब्द दिवसा द्या ना, कोण अडवतंय? पुढे काय येणार हे ठाऊक असलं की पोर सैल पडतं. रोज नवं दिलंत की कान टवकारून बसतं.

नवी आई: उशीचा विषय निघालाच आहे तर सांगते, माझ्या आठ महिन्यांच्या बाळाला घरचे 'डोकं गोल होईल' म्हणून उशी देतात. मी नको म्हटलं की तोंडं वाकडी. आता गोष्टीतही उशीच!

रात्रपाळी नर्स: तुमचं बरोबर आहे, ठाम राहा. वर्षाच्या आत बाळाजवळ उशी, जाड दुलई, मऊ खेळणी काही नको. नाकातोंडावर आलं तर त्याला बाजूला सारता येत नाही.

स्पष्टवक्ता: आम्ही सगळे उशीवरच वाढलो. काही झालं नाही.

रात्रपाळी नर्स: ज्यांना झालं ते इथे लिहायला येत नाहीत. हा विषय ताणू नका.

रानवाटा: पण मुळात हत्ती उभ्यानेच झोपतो! उशी शोधणारा हत्ती म्हणजे मुलांना खोटं शिकवणं.

बालवाडीताई: बोलणारा हत्ती चालतो, उशी तेवढी खुपते?

जंगलखाते निवृत्त: अर्धंच खरं आहे. उभ्याने झोपतो, आडवाही होतो. बोट्स्वानात रानातल्या दोन हत्तिणींच्या सोंडेत यंत्र बसवून नोंदी घेतल्या होत्या, २०१७ साली प्रसिद्ध झाल्या. दिवसाला सरासरी जेमतेम २ तास झोप, आणि आडवं होणं तीन-चार दिवसांतून एकदा. पिल्लं मात्र सर्रास आडवी पडतात, आई शेजारी उभी असते. माझं ऐकाल तर कानाऐवजी आईच्या पायाशी डोकं टेकवा. तेच खरं दिसेल.

रानवाटा: ठीक, पिल्लू असेल तर हरकत मागे घेतो. मोठा हत्ती असेल तर नाही.

बालवाडीताई: आईचा पाय मला नको. बाबा झोपवत असेल आणि आई घरात नसेल, तर 'आई कुठे' सुरू होतं. कान ज्याचा त्याच्यापाशी असतो.

जंगलखाते निवृत्त: आई नसली की गोष्टीतली आई जास्तच हवी असते. आमच्या नातीला मी तशीच सांगतो, झोपते.

वैतागलेला बाबा: माकड काढलं, भोंपूही काढला. काल उड्या नाहीत, हे मान्य करावं लागेल. पण गोष्ट संपली की 'पलत, पलत' चालूच. मग ताई, फायदा काय झाला?

बालवाडीताई: 'परत' म्हणताना उठून बसतो की पडल्या पडल्या म्हणतो, ते बघा. पडून म्हणत असेल तर तीच गोष्ट, तेच शब्द, पण सुरुवातच दबक्या आवाजात. उठून बसत असेल तर तुमचा 'डुबुक' अजून मोठा होतोय.

वैतागलेला बाबा: उठून बसतो. 'डुबुक'लाच.

स्पष्टवक्ता: मग डुबुक काढा! मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.